क्रिएटिन म्हणजे स्टेरॉइड नव्हे : बेलापूरच्या व्याख्यानातून

सीबीडी बेलापूरच्या आजच्या सभेत एका आईंनी चिठ्ठीवर प्रश्न पाठवलाय : "मुलगा कॉलेजात आहे, जिमला जातो. कपाटात क्रिएटिनचा डबा सापडला. हे स्टेरॉइडच ना? हार्मोन्स बिघडतील का?" ताई, प्रश्न अगदी योग्य आहे. आपण आज तेवढंच नीट बघूया.

आधी स्टेरॉइड म्हणजे काय ते पाहू. हे नाव रेणूच्या आकारावरून ठरतं. कार्बनची चार कडी एकमेकांना चिकटलेली असली की तो रेणू स्टेरॉइड. आपलं शरीर असे रेणू कोलेस्टेरॉलपासून बनवतं. टेस्टोस्टेरॉन त्यातलंच एक. ते पेशीत शिरतं, तिथल्या ग्राहीला चिकटतं आणि थेट जनुकांना हुकूम देतं, की अमुक प्रथिनं बनवा. हार्मोनचं काम हेच, निरोप पोचवणं.

क्रिएटिनमध्ये ही चार कडी नाहीत. तो अमिनो आम्लांपासून बनलेला छोटासा रेणू आहे. आपली मूत्रपिंडं आणि यकृत मिळून रोज साधारण १ ग्रॅम क्रिएटिन तयार करतात, म्हणजे डबा आणला नाही तरी ते मुलाच्या अंगात आहेच. मटण-मासळीतूनही मिळतं, अर्धा किलो कच्च्या मांसात साधारण २ ग्रॅम. १८३२ साली शेव्रल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ते मांसाच्या अर्कातूनच वेगळं काढलं. (डब्यातली पूड मात्र कारखान्यात रसायनांपासून बनते, मांसापासून नाही. शाकाहारी घरांत हे आवर्जून विचारतात.)

मग ते करतं काय? स्नायू जोर लावतो तेव्हा एटीपी नावाचा रेणू आपला एक फॉस्फेट खर्च करतो. क्रिएटिनने फॉस्फेट साठवून ठेवलेला असतो, तो लगेच उसना देतं आणि एटीपी पुन्हा तयार होतं. ही उसनवारी काही सेकंदच पुरते. म्हणून वजन उचलताना एखाददुसरी खेप जास्त निघते. निरोप नाही, हुकूम नाही, फक्त इंधनाचा हिशेब. सुरुवातीला किलोभर वजन वाढतं ते बहुतेक स्नायूत ओढलं गेलेलं पाणी असतं. तेवढ्यावरून "पोरगं इंजेक्शनं घेतंय" असं ठरवू नका.

हार्मोनचा संशय आला कुठून, तेही सांगायला हवं. २००९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या २० रग्बीपटूंवर एक छोटा अभ्यास झाला. त्यात डीएचटी हे हार्मोन वाढलेलं दिसलं. टेस्टोस्टेरॉन वाढलं नव्हतं आणि केस तर कुणी मोजलेच नव्हते. पुढच्या अभ्यासांत तशी वाढ दिसलेली नाही. पण "क्रिएटिनने टक्कल पडतं" हे तेवढ्यावरून जगभर पसरलं.

दुसरा गोंधळ रक्ततपासणीचा. समजा मुलाचा क्रिएटिनिनचा आकडा १.३५ आला आणि लॅबची मर्यादा १.२ आहे. घरात घबराट! आता हिशेब करा. ७० किलोच्या तरुणाच्या स्नायूंत साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असतं. त्यातलं रोज सुमारे २ ग्रॅम आपोआप क्रिएटिनिन होऊन लघवीतून जातं. साठा वाढला, स्नायू वाढले, की हा आकडाही थोडा वर जातो, मूत्रपिंड ठणठणीत असलं तरी. डॉक्टरांना मुलगा क्रिएटिन घेतो हे सांगा आणि सिस्टॅटिन-सी तपासणीबद्दल विचारा; ती क्रिएटिनवर अवलंबून नसते. मूत्रपिंडाचा आजार आधीच असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रिएटिन घ्यायचं नाही.

खरं स्टेरॉइड कसं असतं, ते आपल्याकडच्या उदाहरणातून बघा. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव यांच्या नमुन्यात २०१६ मध्ये, रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर, मिथेनडायनोन सापडलं आणि चार वर्षांची बंदी आली. खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वादात आपण शिरत नाही. मिथेनडायनोन हे टेस्टोस्टेरॉनच्या घराण्यातलं, चार कड्यांचं. क्रिएटिन मात्र जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत नाही.

तेव्हा ताई, डबा हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. घटकांत फक्त "क्रिएटिन मोनोहायड्रेट" हवं, आणि एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक. "टेस्टो बूस्टर", "प्री-वर्कआउट" अशी मिश्रणं असतील, किंवा जिममधल्या कुणी लेबल नसलेली पुडी, गोळी, इंजेक्शन दिलं असेल, तर काळजी तिथे करा. छातीला गाठ येणं, पाठीवर अचानक भरपूर मुरुमं, चिडचिड ही लक्षणं स्टेरॉइडची असू शकतात. क्रिएटिनने तशी होत नाहीत. मात्रा रोज ३ ते ५ ग्रॅम पुरते. पहिल्या आठवड्यात २० ग्रॅम घेण्याची गरज नाही, त्याने पोट तेवढं बिघडतं. आणि मुलगा १८ च्या आतला असेल, तर त्या वयावरचे अभ्यास कमी आहेत, म्हणून आम्ही थांबायलाच सांगतो.