पहिल्या तासाच्या अकरा स्लाइड

दुसऱ्या वर्षाच्या संगणक अभियांत्रिकीला ‘डेटा स्ट्रक्चर्स’ शिकवणाऱ्या बहुतेक प्राध्यापकांचा पहिला तास एकाच साच्यातला असतो. विद्यापीठाच्या पीडीएफमधला अभ्यासक्रम जसाच्या तसा चार स्लाइडवर चिकटवलेला असतो आणि पुढे क्रमिक पुस्तकांची यादी येते. मग ‘75 टक्के हजेरी सक्तीची’ हे वाक्य लाल रंगात झळकतं. मागच्या बाकावरून त्यातलं काही वाचता येत नाही, म्हणून मुलं मोबाइलवर फोटो काढतात आणि तो फोटो पुन्हा कधी उघडत नाहीत. मीही काही वर्षं असंच करत होतो.

माझं मत बदललं ते डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांमुळे. त्यांच्या प्रवेशफेऱ्या उशिरा संपतात, त्यामुळे वर्ग सुरू होऊन काही आठवडे उलटल्यावर ती हजर होतात. पहिल्या तासाला मी जे तोंडी सांगितलं ते त्यांनी ऐकलेलंच नसतं आणि पीडीएफच्या तुकड्यांतून त्यांना काही कळत नाही. म्हणून आता मी स्लाइड त्या दिवशी वर्गात नसलेल्या मुलासाठी करतो. प्रत्येक स्लाइडवर पूर्ण वाक्यं असतात, अक्षर 24 पॉइंटच्या खाली जात नाही आणि माझ्या आवाजाशिवाय ती समजली पाहिजे ही अट असते. अशा अकरा स्लाइड 55 मिनिटांच्या तासात निवांत बसतात, कारण त्यातल्या निम्म्यांवर मी मिनिटभरही थांबत नाही.

अभ्यासक्रम: धड्यांच्या यादीऐवजी वाट

विषय तीन क्रेडिटचा, म्हणजे एका क्रेडिटला 15 तास या हिशेबाने थिअरीचे 45 तास. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट वेगळं, त्याला 30 तास, म्हणजे आठवड्याला दोन तासांची एक बॅच. कागदावर हे 45 तास असतात खरे, पण गणपती, दिवाळी, परीक्षा आणि महाविद्यालयातले कार्यक्रम वजा केल्यावर सहसा 40 च्या आसपासच हाती लागतात. म्हणून स्लाइडवर मी 39 तासांचंच नियोजन दाखवतो. उरलेले सहा शिल्लक. ते वाचलेच तर ग्राफवरची जास्तीची उदाहरणं होतात.

पाच युनिटांची यादी देण्यापेक्षा मी एक साधं चित्र काढतो: कोणता भाग कशावर उभा आहे. स्टॅक आणि क्यू अ‍ॅरेवरही करता येतात. लिंक्ड लिस्टला मात्र पॉइंटर लागतो, ट्रीला लिंक्ड लिस्टची सवय आणि रिकर्शन दोन्ही लागतात आणि ग्राफची भटकंती करताना स्टॅक-क्यू परत येतात. बाणांचं हे चित्र पाहिलं की एक गोष्ट आपोआप दिसते. पॉइंटर जमला नसेल तर पाचव्या आठवड्यापासून पुढचं सगळं अडणार. मुलं ट्रीमध्ये नापास होतात असं आपण म्हणतो, पण त्यांची पडझड पहिल्या वर्षाच्या सी-प्रोग्रॅमिंगमध्येच सुरू झालेली असते.

म्हणून पुढच्याच स्लाइडवर चार ओळी देतो आणि उत्तर कोऱ्या चिठ्ठीवर नाव न घालता लिहून घेतो:

```c
int a = 5;
int *p = &a;
*p = 7;
printf("%d", a);
```

उत्तर 7. ज्यांनी 5 लिहिलं त्यांच्या डोक्यात `p` म्हणजे `a` ची एक वेगळी प्रत आहे. ज्यांनी ‘अ‍ॅड्रेस छापला जाईल’ असं लिहिलं त्यांना पॉइंटर ठाऊक आहे, पण `*` ने नेमकं काय होतं ते ठाऊक नाही. या दोन चुकांवरचे उपाय वेगळे आहेत. चिठ्ठ्यांचे गठ्ठे किती जाड झाले त्यावर दुसरा तास कसा घ्यायचा ते ठरतं.

कोर्स आउटकम आणि त्यांची कार्यक्रमाच्या उद्दिष्टांशी जुळणी हा तक्ता मूल्यांकन समितीच्या फाइलसाठी लागतो, त्यामुळे तो असतो, पण सर्वांत शेवटी. त्यातून मुलांच्या कामाचं एकच उचलतो, ते म्हणजे प्रश्नातलं क्रियापद. ‘व्याख्या लिहा’ला आठवण पुरते. ‘आकृतीसह कृती दाखवा’ म्हटलं की दिलेल्या आकड्यांवर प्रत्येक पायरी काढून दाखवावी लागते. ‘तुलना करा’ असेल तर दोन परिच्छेद शेजारी ठेवून भागत नाही, कोणत्या परिस्थितीत काय निवडाल हे लिहावं लागतं.

अपेक्षा: टक्क्यांऐवजी आकडे

75 टक्के म्हणजे किती हे वर्गात विचारलं तर शांतता पसरते. 40 तास झाले तर 30 ला हजर हवं, म्हणजे दहा बुडवता येतात. आठवड्याला तीन तास असल्याने हे दहा तास म्हणजे जेमतेम सव्वातीन आठवडे. गणपतीला गावी जाणाऱ्याने आणि घरात लग्न असणाऱ्याने हा हिशेब आधीच मांडून ठेवावा, नाहीतर डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर पालकांना घेऊन केबिनबाहेर उभं राहण्याची पाळी येते. आजारपणाचा दाखला कोणाकडे आणि किती दिवसांत द्यायचा, तेही याच स्लाइडवर असतं.

प्रात्यक्षिकांच्या वहीचा नियमही असाच रोखठोक असतो. प्रयोग झाल्यावर पुढच्या बॅचला सही. उशिरा आणलं तर आठवड्याला एक गुण कमी. एकमेकांचा कोड पाहायला माझी हरकत नाही, मुलं तो पाहणारच. पण सही करण्यापूर्वी मी त्या कोडमधली एक ओळ झाकतो आणि तिथे काय होतं ते विचारतो. ज्याने नुसता उतरवला आहे तो तिथेच अडखळतो. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवल्यामुळे नोव्हेंबरमधल्या सबमिशनच्या आठवड्यात वादावादी होत नाही.

गुण: बेरीज पुरेशी नसते

मूल्यमापनाची स्लाइड ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची आणि बहुतेक ठिकाणी सर्वांत वाईट केलेली स्लाइड. विभागणी विद्यापीठागणिक बदलते. समजा, तुमच्याकडे अंतर्गत 40 आणि सत्रान्त परीक्षा 60 आहे. अंतर्गतमध्ये 15 गुणांच्या दोन चाचण्या आणि 10 गुणांच्या असाइनमेंट. उत्तीर्ण व्हायला दोन्हीत स्वतंत्रपणे 40 टक्के हवेत, म्हणजे 16 आणि 24.

आता दोन मुलं घ्या. पहिल्याला चाचण्यांत 13 आणि 12, असाइनमेंटला 9, म्हणजे अंतर्गत 34. सत्रान्त परीक्षेत 20. बेरीज 54, आणि निकाल नापास. दुसऱ्याला अंतर्गत 17 आणि सत्रान्त 25. बेरीज 42, आणि निकाल पास. हे दोन स्तंभ शेजारी दाखवले की वर्गात हमखास कुजबुज सुरू होते. ‘अंतर्गतला भरपूर मिळालेत, आता निभावेल’ हा समज दरवर्षी काही चांगल्या मुलांचा घात करतो. नियमाचं कलम वाचून दाखवल्याने तो जात नाही.

पण गुण किती यापेक्षा गुण कशाला मिळतात हे अधिक मोलाचं. म्हणून पुढची स्लाइड एका तपासलेल्या उत्तराची. प्रश्न सहा गुणांचा: सिंगली लिंक्ड लिस्ट उलटी करा. आकृतीला दोन, कोडला तीन, वेळेच्या गुंतागुंतीला एक. एका काल्पनिक उत्तरातलं लूप असं आहे:

```c
while (cur != NULL) {
    cur->next = prev;
    prev = cur;
    cur = cur->next;
}
```

वरवर पाहता सगळं जागच्या जागी आहे. आता 10, 20, 30 अशी लिस्ट घेऊन फळ्यावर चालवून बघू. सुरुवातीला `cur` दहावर आहे आणि `prev` रिकामा. पहिली ओळ दहाचा बाण `NULL` कडे वळवते. दुसरी ओळ `prev` ला दहावर आणते. तिसरी ओळ `cur` ला दहाच्या पुढच्या घरात पाठवते. पण तो बाण आपण आत्ताच `NULL` कडे वळवलेला आहे. लूप तिथेच संपतं. हाती फक्त 10 उरतो. 20 आणि 30 मेमरीत कुठेतरी आहेत, पण त्यांच्याकडे जायचा रस्ता आपणच पुसून टाकला. दुरुस्ती एवढीच, की बाण वळवण्याआधी पुढचा पत्ता जपून ठेवायचा:

```c
next = cur->next;
cur->next = prev;
prev = cur;
cur = next;
```

चुकीच्या उत्तराला मी सहापैकी चार देतो. आकृती बरोबर, `O(n)` बरोबर, कोडचे तीनपैकी एक. काय चुकलं, किती गुण गेले आणि का गेले हे मुलांना पहिल्याच तासाला दिसतं. लिंक्ड लिस्ट अजून शिकवलेली नाही, मग त्यांना कळणार कसं, असं काही सहकारी विचारतात. सगळं कळावं अशी अपेक्षाच नाही. पाठ केलेला कोड एक ओळ विसरला की कोसळतो आणि आकृती काढत गेलेला माणूस तीच चूक स्वतः पकडतो, एवढं दिसलं तरी माझं काम होतं.

अभ्यास: वाचणं आणि आठवणं

‘यशस्वी कसे व्हाल’ या मथळ्याखाली सहसा ‘नियमित अभ्यास करा’ असं लिहिलेलं असतं. ती स्लाइड मी काढून टाकली. तिच्या जागी एक प्रयोग आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटं झालं होतं: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 56 टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के.

परीक्षेच्या आदल्या रात्री वही वाचून ‘येतंय सगळं’ वाटतं ते याच पाच मिनिटांच्या विजयामुळे. प्रयोग उताऱ्यांचा होता, कोडचा नव्हता, हे मी वर्गात सांगतो. पण त्यावरून एक सवय लावून घेता येते. माझ्या प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटं तीन प्रश्नांची: एक कालच्या तासाचा, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या युनिटचा. वही बंद, गुण नाहीत. घरी करायचं ते हेच: कोड वाचून झाला की वही मिटायची, कोऱ्या कागदावर चौकटी आणि बाण काढायचे आणि तीन आकडे घेऊन लूप हाताने चालवायचं. जिथे हात थांबतो तिथपर्यंतच आलेलं असतं.

पहिल्या चाचणीनंतर

या स्लाइड पहिल्या दिवसानंतर बासनात गेल्या तर त्या केल्याचा उपयोग नाही. पहिल्या चाचणीचे पेपर वाटताना मी गुणविभागणीची स्लाइड पुन्हा लावतो. प्रत्येकाने स्वतःचे गुण त्यात भरायचे आणि अंतर्गतमध्ये उत्तीर्ण व्हायला अजून किमान किती लागतील ते कागदावर मांडायचं. तोवर डिप्लोमाची मुलंही आलेली असतात. पॉइंटरची चिठ्ठी मी त्यांच्याकडूनही त्याच तासाला लिहून घेतो आणि ज्यांचं उत्तर 7 आलं नाही त्यांनी यावं म्हणून पुढच्या शनिवारी दुपारी वेगळा तास ठेवतो.