पहिले उत्तर आणि दुसरा प्रश्न

लेखी परीक्षेचा निकाल लागला की घरी पेढे वाटले जातात, आणि मुलाखतीचे पत्र आले की बाजारातून प्रश्नोत्तरांचे पुस्तक आणले जाते. त्या पुस्तकातील उत्तरे पाठ करून गेलेला उमेदवार पहिल्या प्रश्नाला सहसा अडत नाही. त्याची अडचण दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते. मुलाखत घेणारे दुसरा प्रश्न आपल्या पहिल्या उत्तरातूनच उचलतात, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. म्हणून या लेखात एकच प्रश्न घेऊन त्याचे कच्चे उत्तर कुठे नेते आणि पक्के उत्तर कुठे नेते, ते पाहू.

उदाहरण बँकेतील प्रोबेशनरी ऑफिसर या पदाचे घेतो. आयबीपीएसच्या लिपिक पदासाठी 2016 पासून मुलाखत राहिलेली नाही. अधिकारी पदासाठी ती आहे. ती 100 गुणांची असते. त्यात 40 टक्के, आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग व दिव्यांग उमेदवारांना 35 टक्के गुण मिळवावे लागतात. अंतिम यादी मुख्य परीक्षा 80 आणि मुलाखत 20 या प्रमाणात लागते. म्हणजे मुलाखतीत 10 गुण जास्त पडले तर अंतिम बेरजेत 2 गुणांची भर पडते. हा आकडा लहान वाटतो खरा, पण यादी अपूर्णांकातील गुणांपर्यंत मोजून लावली जाते.

समजा, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली एक मुलगी मंडळापुढे बसली आहे. पदवी 2022 ची. तिला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा : "रसायनशास्त्र शिकलात, मग बँकेत का येता?"

कच्चे उत्तर आपण सर्वांनी ऐकलेले आहे. "सर, मला पहिल्यापासून बँकिंग क्षेत्राची आवड आहे. हे आव्हानात्मक क्षेत्र असून यात समाजाची सेवा करण्याची संधी मिळते."

यात खोटे असे काही नाही, तरी हे उत्तर कच्चेच आहे. त्याची परीक्षा सोपी आहे. उमेदवाराचे नाव झाकून पाहावे. शेजारच्या खुर्चीवरील दुसऱ्या कोणालाही हेच उत्तर शोभत असेल, तर ते कोणाचेच उत्तर नव्हे. शिवाय मंडळाला त्यात पुढे विचारण्यासारखे काही सापडत नाही. मग एखादा सदस्य 'आवड' हा शब्द पकडतो : "आवड आहे म्हणता, मग सध्याचा रेपो दर किती? तो वाढवला तर ठेवींवर काय परिणाम होतो?" उमेदवार आता परक्या मैदानात सापडला. ते मैदान मंडळाने निवडले, पण दार उमेदवारानेच उघडून दिले.

आता याच मुलीकडे सांगण्यासारखे काय आहे ते पाहू. तिची आई गावातील बचत गटाची सचिव आहे. गटात 12 महिला, प्रत्येकीची महिन्याला 200 रुपये बचत. पदवीनंतर दोन वर्षे गटाचे हिशेब या मुलीने लिहिले. ही गोष्ट तिने माहितीच्या अर्जात लिहिलीच नव्हती, कारण "ते काय, घरचंच काम" असे तिला वाटले. आपल्याकडील मुलामुलींची ही नेहमीची गत आहे. पगार न मिळालेले काम त्यांना काम वाटत नाही.

तिचे पक्के उत्तर असे होऊ शकते : "सर, पदवीनंतर पुढे एम.एस्सी. करावे की नोकरी शोधावी या विचारात असताना मी आईच्या बचत गटाचे हिशेब लिहू लागले. 12 महिलांची बचत, आपसांतील कर्जे आणि परतफेड मी दोन वर्षे नोंदवली. त्या नोंदी पाहून बँकेने गटाला दीड लाख रुपये कर्ज दिले, तारण न घेता. शाखेतील अधिकारी वह्या तपासायला आले तेव्हा हे काम मी जवळून पाहिले. मला ते करायचे आहे, आणि कायमची नोकरी घरालाही हवी आहे."

हे बोलायला पाऊण मिनिट लागते. पदवीनंतरच्या दोन वर्षांचा खुलासाही त्यात आपोआप झाला. नोकरी हवी आहे हे तिने लपवले नाही, हेही मला योग्य वाटते. समोर बसलेल्यांनाही पगारासाठी नोकरी करावी लागते, त्यांना ते कळते.

परंतु उत्तर खरे पक्के आहे की नाही, ते दुसऱ्या प्रश्नावर ठरेल. आता काय विचारले जाईल? पहिला प्रश्न साध्या गणिताचा : "वर्षाला गटाची बचत किती जमते?" महिन्याला 2,400, वर्षाला 28,800. जिने वही लिहिली तिला हे बोटावर यायला हवे. दुसरा : "तारण नाही, मग बँक कशाच्या भरवशावर कर्ज देते?" येथे पंचसूत्री सांगावी. बैठक, बचत, आपसांतील कर्ज, परतफेड आणि हिशेब, हे पाचही नियमित असणे. बँक गटाची पत यावरूनच ठरवते, आणि बचत गटांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागितले जात नाही. तिसरा प्रश्न व्याजाचा. गट सभासदाला महिना शेकडा 2 ने देत असेल तर वर्षाचे 24 टक्के होतात. सावकाराचे शेकडा 5 म्हणजे 60 टक्के. बँकेकडून ग्रामीण उपजीविका अभियानातील महिला गटांना 3 लाखांपर्यंत 7 टक्के हा दर 2022 मध्ये ठरवून दिला गेला. दर बदलत असतात, तेव्हा मुलाखतीच्या आधल्या आठवड्यात शाखेत जाऊन विचारून घ्यावा.

सर्वांत अवघड प्रश्न चौथा : "एखादीने हप्ता थकवला तेव्हा तुम्ही काय केलेत?" याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. कोणाच्या घरी आजारपण होते, बैठकीत काय ठरले, हप्ता किती महिन्यांत वसूल झाला, हे जिने पाहिले तीच सांगू शकते. म्हणूनच हे उत्तर उसने घेऊन चालत नाही. 'बचत गट सांगितला की गुण मिळतात' असे ऐकून दुसऱ्या मुलीने ते पाठ केले, तर वहीत कोणते रकाने असतात एवढे विचारताच ती उघडी पडेल, आणि त्यानंतरच्या तिच्या खऱ्या उत्तरांवरही मंडळाचा विश्वास बसणार नाही. तिच्याकडे वडिलांचे दुकान असेल, शिकवण्या असतील, शेतीचा हिशेब असेल. त्यातून तिने आपले उत्तर काढावे.

तयारीसाठी पोस्टकार्डाएवढे कागद कापून घ्यावेत. एका कागदावर एकच प्रश्न, त्याखाली आपले सुचलेले पहिले उत्तर जसेच्या तसे, मग सुधारलेले उत्तर. मागील बाजूस मित्राने, आपण नव्हे, त्या उत्तरावरून सुचणारे तीन प्रश्न लिहावेत. तिन्हींची उत्तरे देता येईनात तर सुधारलेल्या उत्तरातील तो भाग खोडावा, मग तो कितीही चांगला वाटो. वीस प्रश्नांऐवजी सहा-सात कागद असे तपासून झाले तरी पुष्कळ.

"तुमची उणीव सांगा" या प्रश्नालाही हाच कागद लागू पडतो. "मी फार मेहनत करतो, हीच माझी उणीव" हे आता कोणी सांगू नये, मंडळ ते रोज ऐकते. त्याऐवजी "चारचौघांत बोलताना मी घाईने बोलतो. म्हणून गेले तीन महिने अभ्यासिकेत दर रविवारी दहा मिनिटे उभा राहून बोलतो" असे सांगावे, अर्थात खरेच बोलत असल्यास. कारण पुढचा प्रश्न ठरलेला आहे : "गेल्या रविवारी कोणत्या विषयावर बोललात?"