दोन्ही फायली चुकीच्या, तिसरी शोधा

चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी मशिन बंद असतात. देखभालीसाठी वीज जाते आणि आठवडाभर साचलेल्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर चढवायला हाच दिवस बरा पडतो. एखादं सीएनसी टर्निंगचं छोटं वर्कशॉप डोळ्यांसमोर आणा. क्लाउड फोल्डरमध्ये `Stock.xlsx` नावाची एकच फाइल आहे आणि ती शॉपमधल्या लॅपटॉपवरही उघडते, मालकाच्या लॅपटॉपवरही. २० मिमीच्या ईएन-८ ब्राइट बारची शिल्लक १,१८० किलो आहे.

गुरुवारी सकाळी मालक चिंचवडहून मुंबईच्या गाडीत बसले आहेत. लॅपटॉपला नेट नाही. बुधवारी आलेल्या ५०० किलो मालाचं चलन ते नऊ वाजता चढवतात आणि शिल्लक १,६८० करून फाइल सेव्ह करतात. अकरा वाजता सुपरवायझर शॉपमध्ये बॅटरीवर काम करतोय. वीज नसल्यामुळे राउटरही बंद आहे. मशिनला दिलेला ३४० किलो माल वजा करून तो ८४० लिहितो आणि सेव्ह करतो. दोघांच्याही नोंदी बरोबर आहेत. मालक दुपारी एकला मुंबईत हॉटस्पॉट लावतात, शॉपची वीज संध्याकाळी पाचला येते, आणि दोन्ही फायली सर्व्हरकडे निघतात.

ड्रॉपबॉक्ससारख्या सेवेत प्रत्येक सेव्हला एक आवृत्ती-खूण मिळते. कॉम्प्युटर फाइल वर पाठवताना सोबत सांगतो की, ‘मी अमुक आवृत्तीवर काम केलं आहे.’ समजा सकाळी दोघांकडेही ४१वी आवृत्ती होती. मालकांची फाइल एक वाजता पोचली तेव्हा सर्व्हरवरही ४१वीच होती, म्हणून ती ४२वी झाली. पाच वाजता शॉपची फाइल आली तीही ४१व्या आवृत्तीचा हवाला देत, पण सर्व्हर तोवर ४२वर गेला होता. दोन वेगळ्या फांद्या फुटल्या आहेत हे त्याला इथे कळतं. तो कोणाचंच काम पुसत नाही. उशिरा आलेली फाइल नव्या नावाने जोडप्रत म्हणून ठेवतो:

```
Stock (SHOP-PC's conflicted copy 2025-01-16).xlsx
```

वनड्राइव्ह अशा वेळी फायलीच्या नावापुढे कॉम्प्युटरचं नाव जोडतं, तर सिंकथिंग `sync-conflict` आणि तारीख-वेळ घालतं. फोल्डरमध्ये हे शब्द किंवा आपल्याच मशिनचं नाव शोधलं, तर महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या प्रतीही सापडतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. मूळ नाव मिळालं ते आधी पोचलेल्या फायलीला. कोणी शेवटी काम केलं किंवा कोणाचं काम महत्त्वाचं, याच्याशी त्याचा संबंध नाही. सुपरवायझरच्या लॅपटॉपवर आता `Stock.xlsx` उघडली की मालकांचे १,६८० दिसतात. ‘माझ्या नोंदी उडाल्या’ असं म्हणून तो ३४० किलो पुन्हा वजा करतो आणि १,३४० लिहितो. योगायोगाने हा आकडा बरोबर आहे. पण दोन दिवसांनी मालकांना ती जोडप्रत दिसते, त्यातली ३४०ची नोंद मूळ फायलीत आली नसेल असं समजून ते ती पुन्हा वजा करतात. शिल्लक १,००० होते. रॅकवर १,३४० किलो माल असताना खरेदीची ऑर्डर निघते.

मग सर्व्हर सरळ शेवटच्या सेव्हची वेळ पाहून नवी फाइल का ठेवत नाही? पहिली अडचण घड्याळाची. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा बटण-सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. पण घड्याळं अचूक असली तरी भागत नाही, कारण अकराची फाइल नऊच्या फायलीवर बेतलेली नव्हती. ८४० हा आकडा उशिराचा असला तरी त्याला ५०० किलोचा पत्ताच नाही.

सर्व्हर नसेल, कॉम्प्युटर थेट एकमेकांशी बोलत असतील, तर काय करायचं याचं उत्तर १९८३मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पार्कर आणि सहकाऱ्यांनी दिलं. प्रत्येक मशिनचा वेगळा मोजणी-आकडा ठेवायचा. समजा सकाळी दोन्ही मशिनवर ‘शॉप १२, मालक ७’ होतं. संध्याकाळी एकीकडे ‘१३, ७’ झालं आणि दुसरीकडे ‘१२, ८’. कोणतीच जोडी दुसरीला पूर्ण सामावून घेत नाही, म्हणजे बदल एकमेकांच्या नकळत झाले. भिंतीवरचं घड्याळ इथे लागतच नाही.

नेट नसताना काम करू द्यायचं आणि तंटा झालाच तर मागाहून पाहायचं, या धोरणामागे एक हिशेब आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात किस्टलर आणि सत्यनारायणन यांनी कोडा ही फाइल-व्यवस्था बांधली. त्यांच्या १९९२च्या लेखानुसार विद्यापीठाच्या आधीच्या फाइल-सर्व्हरांवरच्या ९९ टक्क्यांहून अधिक बदलांत फायलीला हात लावणारा माणूस आधीचाच असे. संशोधकांच्या फायलींना हे लागू पडतं. वर्कशॉपची स्टॉक फाइल मात्र मुळातच अनेक हातांची असते, आणि हे गृहीतक तिथेच कोसळतं.

ऑफिसच्या लॅनवर अशी फाइल उघडताना ‘दुसऱ्याने उघडली आहे’ असा इशारा मिळायचा. एक्सेल त्यासाठी `~$Stock.xlsx` अशी छोटी लपलेली फाइल बनवतं. ड्रॉपबॉक्स `~$`ने सुरू होणाऱ्या फायली सिंकच करत नाही, आणि केल्या असत्या तरी नेट नसताना त्या पोचल्या नसत्या.

आता दुरुस्ती. ८४० आणि १,६८० या दोन आकड्यांकडे कितीही वेळ पाहत बसलात तरी १,३४० निघत नाही. त्यासाठी तिसरी फाइल लागते, म्हणजे दोघांनी जिथून सुरुवात केली ती ४१वी आवृत्ती. ती आवृत्ती-इतिहासात मिळते, पण कायमची नाही. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यात ३० दिवस, तर वैयक्तिक वनड्राइव्हवर शेवटच्या २५ आवृत्त्या. मूळ १,१८०शी ताडून पाहिलं की एका बाजूचा फरक वजा ३४० आणि दुसरीचा अधिक ५०० दिसतो. दोन्ही फरक मुळात मिळवायचे आणि लगेच जोडप्रत फोल्डरबाहेर हलवायची, म्हणजे ती पुन्हा कोणी मिळवणार नाही. साध्या मजकुराच्या फायलींसाठी प्रोग्रॅमर हेच काम यंत्राकडून करून घेतात. एक्सेल फाइल ही आतून झिप केलेल्या अनेक फायलींची पिशवी असते. सिंक करणारा प्रोग्रॅम ती उघडत नाही, म्हणून त्याला आतला फरक कळत नाही.

तंटाच उद्भवू नये असं वाटत असेल तर शिल्लक लिहिणं थांबवा. आपल्या दुकानदारांच्या रोजकीर्दीत जशी प्रत्येक देवघेव ओळीने येते, तशी शॉपने आपल्या फायलीत ‘वजा ३४०’ आणि मालकांनी आपल्या फायलीत ‘अधिक ५००’ लिहावं. एका फायलीत एकच मशिन लिहिणार, आणि शिल्लक एका वेगळ्या फायलीने दोन्हींतून काढायची. कोणाची फाइल आधी पोचली याने बेरीज बदलत नाही. मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये सीआरडीटी या नावाने हाच विचार गणिती काटेकोरपणे मांडला. तिथल्या गणकातही प्रत्येक मशिन फक्त आपल्याच अधिक-वजा नोंदी वाढवतं.

यालाही मर्यादा आहे. १,१८० किलो दिसतात म्हणून नेट नसताना शॉपने ९०० किलो एका कामासाठी आणि मालकांनी ९०० किलो दुसऱ्या ग्राहकासाठी राखले, तर जुळणी अचूक होऊनही उत्तर वजा ६२० येईल. एकही जोडप्रत दिसणार नाही, कारण फायलींमध्ये तंटा नाहीच. कोणाला माल द्यायचा आणि कोणाला थांबवायचं, हे त्या दोघांना फोनवर बोलूनच ठरवावं लागेल.