खुरात फिरलेलं हाड आणि रक्तातलं इन्सुलिन

इंग्लंडमध्ये मे महिन्यात कुरणं हिरवीगार होतात आणि पशुवैद्यांचे फोन वाजू लागतात. पोनी चालायला तयार नाही, पुढचे पाय पुढे ताणून, सगळा भार टाचांवर घेऊन उभी आहे, अशी तक्रार असते. खूर हाताला गरम लागतो, घोट्याजवळची नाडी ठणठण उडते. हा लॅमिनायटिस. मालकाला तो पायाचा आजार वाटतो. पोनींच्या बाबतीत बहुतेक वेळा त्याचं मूळ पायात नसतंच.

खुराच्या आत एक पाचरीसारखं हाड असतं. ते तळव्यावर नुसतं टेकलेलं नसतं, तर खुराच्या भिंतीला आतून लटकलेलं असतं. भिंतीच्या आतल्या बाजूचे साडेपाचशे-सहाशे उभे पापुद्रे हाडावरच्या तशाच पापुद्र्यांत, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे, अडकलेले असतात. लॅमिनायटिसमध्ये ही पकड ताणली जाते आणि सुटू लागते. मागून एक जाड स्नायुबंध हाडाला सतत ओढत असतो, वरून शरीराचं वजन येतं. मग हाडाचं टोक खाली झुकतं.

उदाहरण म्हणून चौदा वर्षांची, २६० किलोची एक वेल्श पोनी घेऊ. मानेवर चरबीचा कडक उंचवटा, शेपटीच्या बुडाशीही चरबी. एक्स-रे काढताना दोन्ही पुढचे पाय सारख्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवतात आणि खुराच्या पुढच्या भिंतीवर धातूची तार चिकटवतात. तारेचं वरचं टोक खूर आणि केसाळ कातडी जिथं मिळतात त्या कडेवर असतं. फोटो अगदी बाजूने घ्यावा लागतो. किरण तिरके पडले तर मापं फसवी येतात. निरोगी खुरात तारेची रेघ आणि हाडाच्या पुढच्या कडेची रेघ समांतर दिसतात. हिच्या फोटोत त्या खाली जाताना नऊ अंशांनी फाकल्या होत्या, आणि हाडाच्या टोकाखाली तळवा नऊच मिलिमीटर उरला होता. तो साधारण पंधरा तरी हवा. तारेचं वरचं टोक आणि हाडाचा माथा यांतलं उभं अंतरही मोजतात. ते वाढलं, तर हाड नुसतं फिरलेलं नाही, सगळंच खाली खचलंय. हे जास्त वाईट. म्हणून नुसत्या अंशांवरून पोनीचं भविष्य सांगू नये. पातळ तळवा आणि खचलेलं हाड मला कोनापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

त्याच फोटोत खुराच्या भिंतीवर टाचेकडे रुंदावत गेलेल्या कड्याही दिसत होत्या. म्हणजे ही पहिली वेळ नव्हती. आधीचे सौम्य झटके कुणाच्या लक्षातच आले नव्हते.

आता रक्त. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००७ मध्ये निरोगी पोनींच्या शिरेत इन्सुलिन सोडलं आणि रक्तातली साखर नेहमीच्या पातळीवर ठेवली. इन्सुलिन दिलेल्या सगळ्या पोनींना तीन दिवसांच्या आत लॅमिनायटिस झाला. त्यांच्या पोटात धान्याचा अतिरेक नव्हता की कुठला संसर्ग. अति इन्सुलिन एकटंच पुरेसं ठरलं. लठ्ठ पोनीचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून ते आणखी स्रवतं. गोड हिरवं गवत खाल्लं की ते कित्येक पटींनी उसळतं. दुसरं कारण म्हणजे पिट्युटरी ग्रंथीचा आजार, सहसा पंधरा वर्षांपुढच्या जनावरांत. अंगावरचे लांब केस उन्हाळ्यातही न झडणं ही त्याची ओळखीची खूण. त्यासाठी एसीटीएच हे संप्रेरक तपासतात. शरद ऋतूत ते निरोगी पोनीतही चढतं, म्हणून अहवाल महिना पाहून वाचावा लागतो.

वेदनेनंही इन्सुलिन वाढतं, म्हणून आपल्या पोनीचं रक्त ती सावरल्यावर घेतलं. सुकं गवत खाल्लेलं असताना प्रति मिलिलिटर ५० मायक्रो-युनिटच्या वर आकडा गेला तर शंकेला फारशी जागा उरत नाही. तिचा ११८ आला. एसीटीएच ठीक होतं.

वेदनाशामक, तबेल्यात भुशाचा जाड थर आणि तळव्याला मऊ आधार हे पहिल्याच दिवशी सुरू झालं होतं. नालबंदाने एक्स-रे समोर ठेवून पुढे वाढलेलं टोक मागे घेतलं, टाच उतरवली, तळव्याला मात्र तासणी लावली नाही. कुरण बंद. दिवसाला चार-साडेचार किलो सुकं गवत, तेही गार पाण्यात काही तास भिजवून साखर उतरवलेलं. पूर्ण उपाशी मात्र कधीच ठेवायचं नाही. उपाशी लठ्ठ पोनीच्या रक्तात चरबी इतकी साचू शकते की ती दगावते.

सुटलेले पापुद्रे पुन्हा जुळत नाहीत. नवी भिंत वरून, हाडाला समांतर अशी, महिन्याला सात-आठ मिलिमीटर उतरत येते. टोकापर्यंत पोचायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तोवर दर सहा-आठ आठवड्यांनी खूर कापायचा, मधूनमधून नवा एक्स-रे काढायचा. इन्सुलिन उतरलं नाही, तर ही नवी भिंतही खाली येता येता ताणली जाते. म्हणून चाल सुधारली तरी रक्ताचा पुढचा अहवाल येईपर्यंत तिला हिरव्या कुरणात सोडायचं नाही.