मूल हवंय? मग टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेण्याआधी रिपोर्टमधला ‘एलएच’ बघा

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाचं हार्मोन. ते कमी असेल तर बाहेरून द्यायचं, म्हणजे ताकदही येईल आणि मूलही होईल, असं कुणालाही वाटेल. पण प्रत्यक्षात घडतं उलटं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की बहुतेक पुरुषांमध्ये शुक्राणू बनायचे कमी होतात आणि अनेकांमध्ये पूर्ण थांबतात. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी घेतली होती. १९९० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन घेणाऱ्या निरोगी पुरुषांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणांच्या वीर्यात सहा महिन्यांत एकही शुक्राणू उरला नव्हता.

म्हणून थकवा, कमी झालेली कामेच्छा आणि रिपोर्टमध्ये कमी टेस्टोस्टेरॉन, असं तिन्ही असलं आणि घरात बाळाचा विचार चालू असला, तर इंजेक्शन किंवा जेल सुरू करण्याआधी थांबा. अशा पुरुषांसाठी दुसरे उपाय आहेत. हा लेख नवऱ्यांसाठी आहे तितकाच बायकांसाठीही, कारण रिपोर्टची फाईल बऱ्याच घरांत त्यांच्याच हातात असते.

कारखाना आणि त्याचा साहेब

अंडकोष हा एक कारखाना समजा. त्यात दोन माल तयार होतात, टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू. कारखाना स्वतःच्या मर्जीने चालत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी त्याला दोन हुकूम पाठवते. ‘एलएच’ म्हणजे टेस्टोस्टेरॉन बनवा, आणि ‘एफएसएच’ म्हणजे शुक्राणूंकडे लक्ष द्या. पिट्युटरीच्या वरचा साहेब म्हणजे मेंदूतला हायपोथॅलॅमस. तो सतत रक्ताचा अंदाज घेत असतो. हार्मोन पुरेसं दिसलं की हुकूम कमी, कमी दिसलं की हुकूम जास्त.

आता इंजेक्शन घेतल्यावर काय होतं बघा. रक्तात भरपूर टेस्टोस्टेरॉन दिसतं. साहेबाला वाटतं, माल पुरेसा आहे. एलएच आणि एफएसएच जवळजवळ शून्यावर येतात आणि कारखाना बंद पडतो. इथेच खरी मेख आहे. शुक्राणू बनायला अंडकोषाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि ते तिथेच बनावं लागतं. दंडात किंवा कुल्ल्यात घेतलेल्या इंजेक्शनने रक्तातला आकडा छान दिसतो, पण अंडकोषाच्या आतला साठा आटतो. माणसाला बरं वाटू लागतं आणि त्याच वेळी वीर्य रिकामं होत जातं. वीर्य दिसायला पूर्वीसारखंच असल्यामुळे तपासणी केल्याशिवाय ते कळतही नाही.

एक उदाहरण

समजा, ३२ वर्षांचा एक नवरा. लग्नाला तीन वर्षं झाली, दीड वर्षापासून बाळासाठी प्रयत्न चालू. वजन ९८ किलो, दिवसभर मरगळ, कामेच्छा कमी. त्याने दुपारी जेवणानंतर रक्त दिलं आणि टेस्टोस्टेरॉन कमी आलं. ओळखीतल्या कुणीतरी इंजेक्शन सुचवलं. पण डॉक्टरांनी आधी तपासणी नीट करून घेतली. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, म्हणून रक्त उपाशीपोटी, सकाळी दहाच्या आत आणि दोन वेगवेगळ्या दिवशी द्यायचं असतं. आकडे आले २२० आणि २३५ नॅनोग्रॅम. साधारण ३०० च्या खाली असेल तर कमी मानतात, म्हणजे दुपारची तपासणी घाईची असली तरी टेस्टोस्टेरॉन खरंच कमी होतं.

त्याच नमुन्यात एलएच आला ३, एफएसएच ३.५ आणि प्रोलॅक्टिन नॉर्मल. शुक्राणू १४ मिलियन प्रति मिलिलिटर, म्हणजे १ कोटी ४० लाख. जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा १६ मिलियन आहे, म्हणजे थोडे कमी.

यातला एलएचचा ३ हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असताना साहेबाने ओरडायला हवं होतं, म्हणजे एलएच वर जायला हवा होता. तो तर शांत बसला आहे. म्हणजे कारखान्यात मोठा बिघाड नाही, हुकूम कमी येतोय. वाढलेलं वजन हे याचं एक नेहमीचं कारण, कारण चरबीत टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं आणि ते इस्ट्रोजेन साहेबाला गप्प करतं.

याउलट एलएच २० आणि एफएसएच २५ आला असता तर? म्हणजे साहेब जोरात ओरडतोय, पण कारखानाच दुबळा आहे. तिथे हुकूम वाढवणारी औषधं फारशी उपयोगाची नाहीत. आणि प्रोलॅक्टिन खूप वाढलेलं निघालं असतं तर आधी पिट्युटरीची तपासणी आणि त्यावरचे उपचार.

क्लोमिफेन: साहेबाला जागं करणारी गोळी

आपल्या उदाहरणातल्या नवऱ्याला डॉक्टरांनी क्लोमिफेन दिलं, रोज २५ मिलिग्रॅम. काहींना दिवसाआड ५० मिलिग्रॅमही देतात. ही गोळी बायकांना बीज तयार होण्यासाठी दिली जाते, त्यामुळे केमिस्टने ‘मॅडमसाठी का?’ असं विचारलं तर गोंधळू नका. अमेरिकेतही औषध नियामकाची मान्यता बायकांच्या त्याच उपचारासाठी आहे. पुरुषांना डॉक्टर ती त्या मान्यतेबाहेर, पण बऱ्याच वर्षांच्या अनुभवावर देतात.

गोळी काम कसं करते? मेंदूत इस्ट्रोजेन जिथे जाऊन बसतं, ती जागा ती अडवते. साहेबाला इस्ट्रोजेन दिसत नाही, त्याला वाटतं माल संपत आला. तो एलएच आणि एफएसएच वाढवतो, आणि कारखाना स्वतःचं टेस्टोस्टेरॉन स्वतःच्या आत बनवू लागतो. इंजेक्शन आणि गोळी, दोन्हींमुळे रक्तातला आकडा वाढतो. पण एका वाटेने अंडकोष बंद पडतात, दुसऱ्या वाटेने कामाला लागतात.

चार आठवड्यांनी पुन्हा रक्त. एलएच ७, टेस्टोस्टेरॉन ४६०. म्हणजे पिट्युटरी आणि अंडकोष दोन्ही साथ देत आहेत. वीर्यतपासणी मात्र लगेच करण्यात अर्थ नाही. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि पुढे बाहेर यायला आणखी काही दिवस, म्हणून तपासणी तीन महिन्यांनी. या उदाहरणात ती २४ मिलियन आली, आणि दरम्यान वजनही सहा किलो उतरलं.

सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही. काहींचं टेस्टोस्टेरॉन वाढतं पण शुक्राणू तिथेच राहतात, आणि थोड्या जणांमध्ये ते कमीही होतात. म्हणूनच तीन महिन्यांची तपासणी चुकवू नये. आकडा वाढूनही उत्साह अपेक्षेइतका परतला नाही, असंही काही पुरुष सांगतात. चिडचिड किंवा छातीत दुखरेपणा जाणवला तर डॉक्टरांना सांगा. नजर धूसर झाली, डोळ्यांपुढे चमक किंवा रेघा दिसल्या, तर गोळी लगेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. एका पायाला अचानक सूज आली किंवा धाप लागली, तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा, कारण क्वचित रक्ताची गुठळी होऊ शकते.

गोळी चालत नाही तेव्हा इंजेक्शन

क्लोमिफेन साहेबाला जागं करतं. पण साहेबच नसेल तर? काही पुरुषांची पिट्युटरी गाठीमुळे किंवा शस्त्रक्रियेनंतर काम करत नाही. काहींना जन्मापासूनच वरून हुकूम येत नाही. त्यांच्यापैकी कॉलमन सिंड्रोम असलेल्यांना वासही येत नाही, आणि ‘मुलगा वयात आलाच नाही’ म्हणून पालक दवाखान्यात येतात. अशांचा एलएच १ च्याही खाली असतो. इथे हुकूमच बाहेरून द्यावा लागतो.

पहिलं इंजेक्शन एचसीजीचं. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर दोन रेघा आणणारं हार्मोन ते हेच. रचनेने ते एलएचसारखं असल्यामुळे अंडकोष त्यालाच एलएचचा हुकूम समजतात. साधारण १५०० ते २००० युनिट, आठवड्यातून दोन किंवा तीनदा, त्वचेखाली घेतात. घरी शिकून घेता येतं, पण भुकटीत पाणी मिसळल्यावर ते फ्रीजमध्येच ठेवायचं. प्रवासात बाहेर राहिलं तर त्याचा असर जातो.

तीन ते सहा महिन्यांत टेस्टोस्टेरॉन नॉर्मल होतं. तरीही शुक्राणू दिसले नाहीत तर दुसरं इंजेक्शन जोडतात, एफएसएच, साधारण ७५ ते १५० युनिट, आठवड्यातून तीनदा. त्यानंतर धीर धरावा लागतो. पहिला शुक्राणू दिसायला सहा महिने लागू शकतात, कधी दीड-दोन वर्षंही. संख्या बहुधा कमीच राहते, पण अशा पुरुषांच्या बाबतीत कमी संख्येवरही गर्भधारणा होते. म्हणून रिपोर्टमध्ये ‘५ मिलियन’ दिसलं म्हणून उपचार सोडू नका. शुक्राणू दिसले की काही गोठवून ठेवता येतात, म्हणजे पुढच्या बाळासाठी सगळं नव्याने करावं लागत नाही.

आधीच टेस्टोस्टेरॉन घेतलं असेल तर

जिममध्ये घेतलेलं असो वा डॉक्टरांनी दिलेलं, पहिल्याच भेटीत सांगा. किती, कोणतं, किती महिने, हेही सांगा. दर काही आठवड्यांनी घ्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन असेल तर त्याचा अंश शरीरात महिनोन्‌महिने राहतो. बंद केल्यावर शुक्राणू बहुतेकांचे परततात. गर्भनिरोधक चाचण्यांमधल्या निरोगी पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांचे सहा महिन्यांत आणि ९० टक्क्यांचे वर्षभरात पूर्ववत झाले. पण बायकोचं वय ३५ च्या पुढे असेल तर ते वर्ष महाग पडतं. म्हणून डॉक्टर अनेकदा नुसतं थांबत नाहीत. एचसीजी, गरज पडली तर क्लोमिफेन, असं देऊन कारखाना लवकर सुरू करायला मदत करतात. ही जोडी स्वतःच्या मनाने ऑनलाइन मागवून घेऊ नका.

अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे: मूल होण्यासाठी प्रयत्न करत असलेल्या पुरुषाला बाहेरून टेस्टोस्टेरॉन देऊ नये.

तेव्हा पुढच्या वेळी फाईल उघडाल तेव्हा टेस्टोस्टेरॉनच्या शेजारी एलएच आणि एफएसएच छापलेले आहेत का ते बघा. नसतील तर आधी ती तपासणी करून घ्या. आणि डॉक्टरांनी काही लिहून दिलं तर खोलीतून बाहेर पडण्याआधी एकच विचारा: ‘या औषधाने माझे शुक्राणू वाढतील की बंद होतील?’