पक्षाघातानंतरचे शरीरसुख

‘पुन्हा झटका आला तर?’ या धास्तीने अनेक जोडपी वेगळी झोपू लागतात. रक्तदाब आटोक्यात असेल आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल, तर हा धोका फार कमी असतो. ढोबळ अंदाज असा: वाशी-नेरूळमधल्या लिफ्ट नसलेल्या सिडकोच्या इमारतीत धाप न लागता, छातीत न दुखता दोन मजले चढता आले, तर संभोगाचे श्रम सहसा झेपतात. पाय अधू असल्याने जिना जमत नसेल, तर डॉक्टरांनाच विचारावे.

समजा, नवऱ्याची उजवी बाजू लुळी आहे. त्याने उजव्या कुशीवर झोपावे, म्हणजे चांगला डावा हात मोकळा राहतो. पाठीशी आणि गुडघ्यांमध्ये उशी द्यावी. उजवा खांदा दुखत असेल, तर त्याने उताणे झोपावे आणि बायकोने वर यावे. स्पर्शाची सुरुवात डावीकडून करावी. उजवीकडचा स्पर्श त्याला कदाचित कळणारही नाही.

ताठरता येत नसेल, तर त्यामागे रक्तदाबाची गोळीही असू शकते; ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. सिल्डेनाफिल मात्र न विचारता कधीच नको. सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट गोळ्यांसोबत ते घेतल्यास रक्तदाब एकदम कोसळतो, जीवही जाऊ शकतो.