बोर्डाचा फोटो कसा वाचावा

रिमोट दाबला की लाल दिवा हिरवा होतो, क्षणभराने पुन्हा लाल. असं चार-पाच वेळा झालं की एकदाचं चित्र येतं आणि मग रात्रभर टीव्हीची काही तक्रार नसते. बरीच वर्षं वापरलेल्या एलसीडी टीव्हीचं हे नेहमीचं दुखणं आहे. अशा वेळी ओळखीचा मेकॅनिक बरेचदा आधी फोटो मागवतो. मागचं झाकण काढल्यावर ज्या बोर्डाला घरातल्या विजेची वायर येते, तो सप्लाय बोर्ड त्याला पाहायचा असतो. फोटो नीट काढलेला असेल, तर त्यावरून दोष कुठे शोधायचा हे बरंचसं कळतं.

झाकण उघडण्याआधी प्लग काढलेला असलाच पाहिजे. पण तेवढ्याने बोर्ड सुरक्षित होत नाही. आपली २३० व्होल्टची वीज बोर्डावर येऊन डीसी झाली की सुमारे ३२५ व्होल्ट होते आणि अंगठ्याहून जाड अशा एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. प्लग काढल्यावरही ती तिथे काही काळ, कधी बराच वेळ राहते. म्हणून फोटो काढणाऱ्याने बोर्डाला हात किंवा स्क्रू-ड्रायव्हर लावू नये. बोर्ड सोडवून त्याची मागची बाजू बघणं हे मेकॅनिकचं काम.

फोटोसाठी फ्लॅश बंद ठेवावा. समोरून पडलेला झगझगीत प्रकाश सगळे उंचवटे सपाट करून टाकतो. त्याऐवजी टॉर्च एका बाजूने, बोर्डाला जवळजवळ समांतर धरला की प्रत्येक फुगवट्याची सावली पडते. एक फोटो संपूर्ण बोर्डाचा, एक जवळून आणि एक बोर्डाच्या पातळीवर मोबाईल आणून आडवा काढावा. मेसेजमधून साधा फोटो पाठवला तर त्यातले बारकावे दबतात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो.

आता आपल्या टीव्हीच्या फोटोकडे पाहू. ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला खेटून तीन कपॅसिटर एका रांगेत उभे आहेत. प्रत्येकावर १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्ट असं छापलंय. मेन बोर्डाला लागणारा ५ व्होल्टचा पुरवठा स्थिर ठेवणं हे त्यांचं काम. आडव्या फोटोत तिसऱ्याचा माथा सरळ रेषेत दिसतो, पण पहिल्या दोघांचे माथे मध्यभागी वर आलेत. वरून काढलेल्या फोटोतही फरक ओळखता येतो. सपाट माथ्यावर प्रकाश सारखा पसरतो, फुगलेल्या माथ्यावर एका बाजूला चकाकी येते आणि दुसरी बाजू काळवंडते.

हा फुगवटा कशाने येतो? या ॲल्युमिनियमच्या डबीत पातळ पत्र्याच्या गुंडाळीबरोबर द्रवात भिजवलेला कागद असतो. उष्णतेने तो द्रव बिघडत गेला की आत वायू तयार होतो. डबी फटकन फुटू नये म्हणून माथ्यावर अधिकच्या चिन्हासारख्या किंवा के अक्षरासारख्या खाचा मुद्दाम पाडलेल्या असतात. दाब वाढला की तिथला पत्रा वर येतो आणि शेवटी खाच उकलून आतला द्रव बाहेर येतो. तो वाळला की तपकिरी खपली दिसते. काही वेळा माथा सपाटच राहतो आणि खालचं रबरी बूच बाहेर ढकललं जातं. मग कपॅसिटर बोर्डापासून उचललेला किंवा कललेला दिसतो.

इथे दोन फसवणुकी होतात. पहिली डिंकाची. वाहतुकीत हलू नयेत म्हणून कारखान्यात मोठ्या भागांच्या बुडाशी चिकट पदार्थ लावतात आणि तो जुना झाला की तपकिरी होतो. आपल्या फोटोत मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी दिसणारा डाग तसाच आहे. तो जाड आहे, त्याला गोलाई आहे आणि तो शेजारच्या कॉइललाही चिकटलाय. गळलेला द्रव असा गोळा होत नाही. तो बोर्डावर पातळ पसरतो आणि जवळच्या पायांवरचं सोल्डर निस्तेज करतो. दुसरी फसवणूक लेन्सची. मोबाईल फार जवळ नेला की कडेला आलेले उंच भाग बाहेर कललेले भासतात. शंका येईल तो भाग फोटोच्या मध्यभागी घेऊन, थोडं लांबून पुन्हा फोटो काढला की खरंखोटं समजतं.

मेकॅनिकने बोर्ड सोडवून मागच्या बाजूचाही फोटो घेतला. तिथे एका रेझिस्टरखाली तपकिरी वर्तुळ दिसतं. काळपट भाग दिसला की आपण तो जळाला म्हणतो, पण जळण्याचे दोन प्रकार असतात. कडेला हळूहळू फिकट होत जाणारा तपकिरी रंग म्हणजे वर्षानुवर्षं मुरलेली उष्णता. असा रेझिस्टर मोजून पाहावा, पण बहुतेकदा तो चालू असतो. दुसरा प्रकार झटक्याचा असतो. त्यात काजळीचा शिंतोडा उडालेला दिसतो, हिरवा थर सोललेला असतो आणि खालचा तांब्याचा ट्रॅक तुटून मध्ये फट पडलेली असते. ट्रॅक कागदाहूनही पातळ असतो आणि प्रमाणाबाहेर करंट गेला की फ्यूजसारखा वितळतो. म्हणजे दोष त्या ट्रॅकमध्ये नसून त्याच्या पुढे शॉर्ट झालेल्या भागात असतो. नुसती वायर जोडून फट बुजवली, तर दुसऱ्या क्षणी तीही जळेल किंवा आणखी महागडा भाग जाईल. आपल्या फोटोत ट्रॅक अखंड आहेत.

तिसरी गोष्ट मात्र पटकन दिसत नाही. ट्रान्सफॉर्मर आणि कनेक्टर यांसारखे जड किंवा ओढ बसणारे भाग तापून-निवून सोल्डरमध्ये सैल होतात. फोटो मोठा करून पाहिला तर ट्रान्सफॉर्मरच्या एका पायाभोवती केसाएवढी काळी कडी दिसते. सोल्डरला तिथे गोल चीर गेली आहे. मेकॅनिक याला ड्राय सोल्डर म्हणतात. चीर आहे की सावली, हे प्रकाशाची दिशा बदलून ठरवतात. टॉर्च दुसऱ्या बाजूला नेला की सावली सरकते, चीर जागची हलत नाही. सोल्डर नुसतं मंद दिसणं हा मात्र पुरावा नाही, कारण शिसं नसलेलं सोल्डर मुळातच कमी चकाकतं.

आता सगळं लक्षणाशी जुळवून पाहू. टीव्ही गार असताना अडतो आणि एकदा तापला की चालतो. म्हाताऱ्या कपॅसिटरचा आतला रोध गार असताना जास्त असतो आणि ऊब मिळाली की कमी होतो. म्हणजे फुगलेले दोन कपॅसिटर आणि तक्रार यांचा मेळ बसतो. चिरलेलं सोल्डरही अधूनमधून असाच त्रास देऊ शकतं, म्हणून तो पाय नव्याने सोल्डर करायचा. तिसरा कपॅसिटर सपाट असला तरी तितकीच वर्षं त्याच हीटसिंकशेजारी तापलाय, त्यामुळे तिन्ही बदलायचे. नवे घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, तापमान १०५ अंशांचं आणि सप्लायसाठी बनवलेल्या कमी रोधाच्या जातीचे घ्यायचे. बाजूवरची पट्टी ऋण टोकाची असते. ती उलटी बसली तर नवा कपॅसिटरही फुगतो.

फोटोत काही दिसलं नाही, म्हणजे बोर्ड ठीक आहे असं मात्र नव्हे. आतून सुकलेला कपॅसिटर बाहेरून नवाकोरा दिसू शकतो आणि तो ई.एस.आर. मीटरवरच पकडला जातो. शॉर्ट झालेला चिमुकला सिरॅमिक कपॅसिटर किंवा मेलेली चिप यांचीही खूण बहुतेकदा दिसत नाही. म्हणून फोटोबरोबर लक्षणं लिहून पाठवावीत: दिवा लागतो का, कोणत्या रंगाचा, किती वेळाने बंद होतो, तापल्यावर फरक पडतो का. डाग आणि लक्षण एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तरच सोल्डरिंग गन तापवावी. नाहीतर आधी मीटर लावावा.